एबीएस आणि पाण्यावर तरंगणारी गाडी

“गाडीला एबीएस आहे, मग पाण्यावर घसरली तर सरळ ब्रेक दाबायचा ना?”

नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड आणणार कुठून? साचलेल्या पाण्यातून ताशी ८०-९० किलोमीटरने गेलं, की टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ पुरत नाही. पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि रबर रस्ता सोडतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तीच खूण. तेव्हा ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा आणि स्टिअरिंग सरळ, जायचंय त्या दिशेला धरून ठेवा. घाबरून वळवलंत तर गाडी आधी ढिम्म. पकड परतली की मात्र वळलेली चाकं तिला हिसक्याने बाजूला फेकतात. खाचा झिजून १.६ मिलीमीटरवर आल्या असतील, म्हणजे खाचेतली आडवी रबरी पट्टी पृष्ठभागाला आली असेल, तर हे बऱ्याच कमी वेगातही होतं.