दोन घसारे, एक नफा : डिफर्ड टॅक्सची पार्श्वभूमी

कंपनीच्या वार्षिक अहवालात करखर्चाच्या दोन ओळी असतात. ‘चालू कर’ ही पहिली ओळ वाचताना कोणी अडखळत नाही, कारण ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नावर सरकारला भरायची असते. दुसरी ओळ ‘डिफर्ड टॅक्स’ची, म्हणजे पुढे ढकललेल्या कराची असते आणि त्या रकमेचे चलन कुठेच भरले जात नाही. तरीही ती नफ्यातून वजा होते आणि ताळेबंदात वर्षानुवर्षे साचत राहते. ज्या उद्योगांत यंत्रसामग्री मोठी असते, तेथे या ओळीचा बहुतांश भाग एकाच कारणातून आलेला असतो : त्याच यंत्रावर कंपनी कायदा एक घसारा लावतो आणि आयकर कायदा दुसरा.

हे दोन घसारे नेहमीच एकमेकांपासून इतके दूर नव्हते. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९६० साली दुरुस्ती होऊन, लाभांश वाटण्यापूर्वी घसाऱ्याची तरतूद करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि ती तरतूद किती असावी हे ठरवण्यासाठी कायद्याने थेट आयकराच्या दरांकडे बोट दाखवले. जी कंपनी पुस्तकांतही घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा लावी, तिच्या दोन आकड्यांत फारसे अंतर पडत नसे. सरळरेषा पद्धत वापरणाऱ्या कंपन्यांत मात्र तेव्हाही फरक पडत होता, कारण आयकरात घसारा सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी मिळे, तर पुस्तकांत तो दरवर्षी सारखा असे. एकूण घसारा जवळपास तेवढाच, वेळ मात्र वेगळी, हे या विषयाचे मूळ सूत्र तेव्हापासूनच होते.

दोन्ही घसाऱ्यांतला दुवा तुटला तो १९८६ ते १९८८ या काळात. १९८६ च्या दुरुस्ती कायद्याने आयकरात मालमत्तांच्या ‘ब्लॉक’ची पद्धत आणली आणि ती १९८८-८९ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र हिशेब संपला. एकाच दराच्या सगळ्या मालमत्तांचा एक ब्लॉक झाला आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर ३३.३३ टक्के ठेवला गेला. एवढा घसारा कंपनीच्या पुस्तकांत आला असता, तर चांगल्या चाललेल्या कारखान्यांचाही वाटण्याजोगा नफा आटला असता. म्हणून १९८८ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात अनुसूची १४ आली आणि तिने पुस्तकी घसाऱ्याचे स्वतःचे दर दिले. एका पाळीत चालणाऱ्या सर्वसाधारण यंत्रसामग्रीला सरळरेषा पद्धतीने ४.७५ टक्के आणि घटत्या शिलकेने १३.९१ टक्के असे ते दर होते. एकीकडे तेहतीस टक्के आणि दुसरीकडे पावणेपाच टक्के : डिफर्ड टॅक्सचा इतिहास लिहायचा, तर तो या दोन आकड्यांपासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

याच सुमारास आयकर कायद्यात कलम ११५जे आले, हा योगायोग नव्हे. भागधारकांना भरघोस नफा दाखवून लाभांश वाटायचा आणि आयकरात घसारा व इतर सवलती घेऊन कर शून्यावर आणायचा, अशा ‘शून्य-कर कंपन्यां’ना चाप लावण्यासाठी सरकारने पुस्तकी नफ्याच्या ३० टक्के रक्कम करपात्र उत्पन्न मानण्याची तरतूद केली. आजच्या मॅटचे, म्हणजे पुस्तकी नफ्यावरच्या किमान पर्यायी कराचे, मूळ तेच. सरकारने आपल्या बाजूने असा उपाय केला; लेखाशास्त्राच्या बाजूने मात्र नव्वदच्या दशकात बहुतेक ताळेबंदांत फक्त भरावयाच्या कराचीच तरतूद दिसे. सनदी लेखापाल संस्थेने १९९१ साली या विषयावर मार्गदर्शक टिपण काढले होते, पण ते बंधनकारक लेखामानक नव्हते.

फक्त भरावयाचा कर दाखवण्यात बिघडते काय, हे एका यंत्राच्या आकड्यांतून नीट दिसते. त्यासाठी आजचे दर घेऊ. एका कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला एक कोटी रुपयांचे यंत्र घेतले आणि ते लगेच वापरात आणले. पुस्तकांत त्याचे आयुष्य १५ वर्षे, अवशिष्ट मूल्य ५ टक्के, म्हणजे दरवर्षी ६.३३ लाखांचा घसारा. आयकरात १५ टक्के घटत्या शिलकेवर, म्हणजे पहिल्या वर्षी १५ लाख. घसाऱ्यापूर्वीचा नफा दरवर्षी ६० लाख आहे आणि कराचा दर अधिभार व उपकरासह २५.१६८ टक्के आहे, असे धरू.

पहिल्या वर्षी पुस्तकी नफा ५३.६७ लाख आणि करपात्र उत्पन्न ४५ लाख येते. भरावयाचा कर ११.३३ लाख. तरतूद एवढ्यावरच थांबवली, तर कंपनीवर जेमतेम २१ टक्के कर बसल्यासारखे दिसते आणि करोत्तर नफा फुगतो. प्रत्यक्षात ८.६७ लाखांचा घसारा फक्त आधी मिळाला आहे. पुढे कधीतरी तेवढाच तो कमी मिळणार आहे. म्हणून त्या फरकावर २.१८ लाखांचे डिफर्ड टॅक्सचे दायित्व उभे केले जाते आणि एकूण करखर्च १३.५१ लाख होतो, जो पुस्तकी नफ्याच्या बरोबर २५.१६८ टक्के आहे.

हे दायित्व सहाव्या वर्षापर्यंत वाढते, कारण त्या वर्षी आयकराचा घसारा ६.६६ लाख, म्हणजे पुस्तकी घसाऱ्यापेक्षा अजून थोडा जास्त असतो. तेव्हा यंत्राची पुस्तकी किंमत ६२ लाख, आयकरातली शिल्लक ३७.७१ लाख आणि दायित्व सुमारे ६.११ लाख असते. सातव्या वर्षी आयकराचा घसारा ५.६६ लाखांवर उतरतो आणि दायित्व उलटू लागते. पंधराव्या वर्षाअखेर तर चित्र पालटते : पुस्तकांत ५ लाख उरतात आणि आयकरात ८.७४ लाख, म्हणजे दायित्वाच्या जागी छोटीशी डिफर्ड टॅक्स मालमत्ता तयार होते. अर्थात हे एकट्या यंत्राचे झाले. जो कारखाना दरवर्षी नवी यंत्रे घेतो, तेथे जुन्यांचे उलटणे नव्यांच्या वाढीखाली झाकले जाते आणि एकूण दायित्व अनेक वर्षे कमी होताना दिसतच नाही. ‘हा कर कधी द्यावाच लागत नाही, मग दायित्व कसले?’ हा उद्योजकांचा जुना सवाल तेथूनच येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही.

डिफर्ड टॅक्सची तरतूद बंधनकारक करणारे लेखामानक २२ शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २००१ पासून आणि इतर कंपन्यांना त्यानंतरच्या वर्षापासून लागू झाले, तेव्हा याच सवालाने न्यायालय गाठले. मानकाच्या परिच्छेद ३३ प्रमाणे, मागील सगळ्या वर्षांचे साचलेले दायित्व एकदम काढून ते महसुली राखीव निधीतून वळते करायचे होते. तेरा-चौदा वर्षे दोन घसाऱ्यांतली दरी वाढवत नेलेल्या भांडवलप्रधान कंपन्यांसाठी हा आकडा लहान नव्हता. जे. के. इंडस्ट्रीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कंपन्यांच्या बाजूचा मुद्दा असा होता, की जो कर अजून देणे झालाच नाही, तो दायित्व म्हणून दाखवायला लावणे कंपनी कायद्याच्या चौकटीबाहेर आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानक वैध ठरवले. ज्या वर्षाचे उत्पन्न त्याच वर्षाचा खर्च, करखर्चासुद्धा, या जुळणीच्या तत्त्वावर तो निकाल उभा आहे.

न्यायालयात मानक टिकले, पण मॅटच्या हिशेबात नवा पेच उभा राहिला. कलम ११५जेबीखाली पुस्तकी नफा काढताना आयकराची वजा केलेली रक्कम नफ्यात परत जोडावी लागते; डिफर्ड टॅक्स हा ‘आयकर’ आहे का, यावर करदाते आणि खाते यांच्यात वाद सुरू झाला. करदात्यांना काही ठिकाणी दिलासाही मिळाला होता. २००८ च्या वित्त कायद्याने डिफर्ड टॅक्सही परत जोडावा असे स्पष्टपणे घातले, आणि तेही २००१-०२ या करनिर्धारण वर्षापासून पूर्वलक्षी प्रभावाने.

हिशेबातली नेहमीची चूक ब्लॉकपाशी होते. समजा, ३० लाख पुस्तकी किंमत उरलेले यंत्र ४० लाखांना विकले. पुस्तकांत १० लाखांचा नफा दिसतो. आयकरात मात्र विक्रीचे ४० लाख ब्लॉकमधून वजा होतात आणि ब्लॉकमध्ये शिल्लक व इतर मालमत्ता असेपर्यंत त्या वर्षी वेगळा नफा धरला जात नाही. ज्याने डिफर्ड टॅक्स काढताना त्या वर्षाचे दोन घसारे तेवढे ताडून पाहिले, त्याच्या हातून हे १० लाख, म्हणजे अडीच लाखांचे दायित्व, निसटते. चूक ओळखण्याची रीत सोपी आहे : वर्षअखेरची घसारायोग्य मालमत्तेची पुस्तकी किंमत (जमीन वगळून) घ्यावी, त्यातून सगळ्या ब्लॉकांची शिल्लक वजा करावी आणि फरकाला दराने गुणावे. हा आकडा खतावणीतल्या दायित्वाशी जुळला नाही, तर बहुधा एखादी विक्री राहिलेली असते, किंवा वर्षाच्या उत्तरार्धात घेतलेल्या यंत्रावर १८० दिवसांपेक्षा कमी वापर असूनही अर्ध्याऐवजी पूर्ण दर लावलेला असतो.

पुढे इंड एएस १२ या नव्या भारतीय लेखामानकाने ही ताळेबंदावरून पडताळण्याची रीतच मुख्य पद्धत केली. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या या मानकात नफ्यातोट्यातल्या कालभेदापेक्षा मालमत्तेची पुस्तकी किंमत आणि तिचा करआधार, म्हणजे आयकराच्या हिशेबातली किंमत, यांतला फरक पाहिला जातो. दरम्यान आयकराचा सर्वसाधारण दर १९९२-९३ या करनिर्धारण वर्षापासून २५ टक्के आणि २००६-०७ या करनिर्धारण वर्षापासून १५ टक्के झाला होता, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या अनुसूची २ ने १ एप्रिल २०१४ पासून ठरीव दरांऐवजी उपयुक्त आयुष्य आणले. ४.७५ टक्के दरातून निघणारे यंत्राचे वीस वर्षांचे आयुष्य पंधरावर आले. दोन्ही बाजूंनी दरी अरुंद झाली, बुजली मात्र नाही.

साचलेल्या दायित्वाला सर्वांत मोठा धक्का घसाऱ्याच्या नव्हे, कराच्या दराने दिला. २० सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने कलम ११५बीएए आणले. मोठ्या कंपनीचा ३४.९४४ टक्क्यांचा दर, अतिरिक्त घसारा आणि काही सवलती सोडण्याच्या अटीवर, २५.१६८ टक्क्यांवर येऊ लागला. ज्या कंपनीच्या दोन किमतींत १०० कोटींचा फरक होता, तिचे ३४.९४ कोटींचे दायित्व २५.१७ कोटींवर आले आणि पावणेदहा कोटी रुपये, एकही वस्तू न विकता, नफ्यात जमा झाले. ज्यांच्याकडे डिफर्ड टॅक्सची मालमत्ता होती, त्या अनेक बँकांना त्याच हिशेबाने तोटा सोसावा लागला. त्या वर्षीचे अहवाल चाळताना करखर्चाची ओळ अनपेक्षितपणे लहान किंवा मोठी दिसली, तर कारण बहुतेक वेळा या पुनर्मापनात सापडते. टिपांतील प्रभावी कराच्या दराच्या ताळमेळात ते वेगळ्या ओळीवर दिलेले असते.