फिरत्या परिषदेची दृश्य ओळख

ठरावीक काळाने भरणारी, पण दर वेळी नवे यजमान, नवे गाव किंवा नवा विषय घेऊन येणारी परिषद पाहताक्षणी ओळखू यावी आणि तरीही यंदाची म्हणून वेगळी दिसावी, यासाठी ठरवलेली नाव, अक्षर, अंक, रंग आणि चिन्ह यांची व्यवस्था म्हणजे त्या परिषदेची दृश्य ओळख होय. व्यवहारात हिलाच ‘ब्रँडिंग’ म्हणतात आणि पुष्कळदा तिचा अर्थ बोधचिन्हापुरता मर्यादित समजला जातो. प्रत्यक्षात बोधचिन्ह हा तिचा सर्वांत बदलता भाग असू शकतो. ओळख टिकते ती जे भाग दरवर्षीच्या रचनाकाराच्या हाती दिले जात नाहीत त्यांच्यामुळे.

चिन्ह किती स्थिर ठेवायचे, याची दोन टोके जगात ठळकपणे दिसतात. ‘टेड’ या व्याख्यानांच्या परिषदेचा परवाना घेऊन स्थानिक गट भरवतात त्या टेडएक्स कार्यक्रमांत ‘टेड’ची लाल ठळक अक्षरे, त्यापुढचे छोटे ‘एक्स’, गावाचे किंवा संस्थेचे नाव आणि हा कार्यक्रम स्वतंत्रपणे आयोजित केला असल्याची ओळ यांची मांडणी नियमांनी बांधलेली असते. त्या चिन्हात स्थानिक चित्र मिसळण्याची मुभा नसते. त्यामुळे नावीन्य सारे विषयसूत्रात, व्यासपीठावर आणि भित्तिपत्रकांत शोधावे लागते. दुसऱ्या टोकाला जी-२० परिषद आहे. तिथे अध्यक्षपद फिरते आणि प्रत्येक यजमान देश चिन्ह नव्याने घडवतो. इंडोनेशियाने २०२२ मध्ये वायांग या छायाबाहुल्यांच्या नाट्यातील गुनुंगन हा पर्वतासारखा आकार घेतला, भारताने २०२३ साठी कमळ आणि पृथ्वीगोल घेऊन खाली ‘वसुधैव कुटुंबकम्’ लिहिले, तर दक्षिण आफ्रिकेने २०२५ मध्ये प्रोटिया फूल निवडले. ही चिन्हे शेजारी ठेवली तर त्यांना जोडणारा धागा म्हणून ‘जी-२०’ ही अक्षरेच काय ती उरतात. जगभरच्या बातम्यांत ते नाव सतत येत असल्याने तेवढ्यावर भागते. एवढी प्रसिद्धी वाट्याला न येणाऱ्या परिषदेला ही चैन परवडत नाही.

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे आहे. १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकार सभेपासून त्याची परंपरा मोजली जाते. मूळ संस्था अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ असली तरी गाव आणि यजमान दर वेळी बदलतात, आणि बोधचिन्हही यजमानांच्या हौसेने नवे होते. अशा संमेलनासाठी टिकाऊ ओळख बांधायची झाल्यास आधी चिन्हाकडे नव्हे, तर शीर्षकाच्या ओळीकडे पाहावे लागते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

पहिला प्रश्न ओळख वर्षाने सांगायची की क्रमांकाने, हा. ९४ वे संमेलन नाशिकला मार्च २०२१ मध्ये व्हायचे होते, ते कोरोनामुळे डिसेंबरपर्यंत लांबले. त्यानंतर पाचच महिन्यांत, एप्रिल २०२२ मध्ये, ९५ वे उदगीरला भरले. म्हणजे संमेलनाची तारीख आणि त्याचा क्रमांक यांची जोडी भरवशाची नाही. चिन्हाच्या आत तारीख कोरलेली असेल, तर कार्यक्रम पुढे गेल्यावर छापलेले सारे साहित्य खोटे ठरते. क्रमांक मात्र पुढे ढकलला तरी तोच राहतो. म्हणून चिन्हात क्रमांक आणि गाव ठेवावे, तारीख वेगळ्या ओळीत चिन्हाबाहेर द्यावी, हे शहाणपणाचे ठरते. टोकियोच्या ऑलिम्पिकने २०२१ मध्ये भरूनही ‘२०२०’ हा आकडा कायम ठेवला, पण एवढा ठाम निर्णय सगळ्याच यजमानांना पेलेल असे नाही.

दुसरा प्रश्न लांबीचा. ‘अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन’ ही पाच शब्दांची ओळ बदलत नाही, पण तिच्या जोडीला येणारे गावाचे नाव कधी ‘घुमान’ असते, कधी ‘पिंपरी-चिंचवड’. शिवाय देवनागरीत अक्षराची उंची शिरोरेषेपाशी संपत नाही. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरे उतरतात. ‘घुमान’मधला उकार खाली जागा मागतो, ‘पिंपरी-चिंचवड’मधल्या वेलांट्या आणि अनुस्वार वर. एका वर्षीच्या नावाला माप घेऊन बसवलेली चौकट पुढच्या वर्षी अपुरी पडते आणि मग घाईत अक्षरे आडवी दाबली जातात. अक्षर विद्रूप झाले की ओळखही जाते. यावर उपाय साधा आहे: आजवरच्या गावांपैकी सर्वांत लांब आणि सर्वांत उंच-खोल नाव आधी बसवून पाहावे आणि त्यावरून चौकट ठरवावी. अंकांचेही तसेच आहे. दोन आकडी क्रमांकासाठी आखलेली जागा शंभराव्या संमेलनाला पुरणार नाही, आणि साताऱ्याचे २०२६ चे संमेलन ९९ वे असल्याने ती अडचण उद्याचीच आहे.

एवढे स्थिर झाल्यावर दरवर्षीसाठी एकच मोकळी जागा ठेवावी. समजा, शीर्षकाचे अक्षर, ओळींचा क्रम आणि महामंडळाचा एक कायमचा रंग ठरलेला आहे, आणि क्रमांकाच्या अंकांच्या आत काय भरायचे एवढेच यजमानाने ठरवायचे आहे. मग एका वर्षी त्यात तिथल्या विणकामाचे नक्षीरूप येईल, दुसऱ्या वर्षी तिथल्या दगडाचा पोत. लेखणी, उघडे पुस्तक आणि पणती यांची जुळवाजुळव मात्र मोकळी जागा नीट भरत नाही. ती साहित्याचे नाव सांगते, पण हे संमेलन की दुसरे, यंदाचे की गेल्या वर्षीचे, यांपैकी काहीच सांगत नाही. दुसरीकडे मोकळ्या जागा दोन-तीन झाल्या, म्हणजे रंगही बदलला, अक्षरही बदलले, की मालिका तुटते.

व्यवस्था जमली आहे का, हे पाहण्याच्या तीन कसोट्या उपयोगी पडतात. गेल्या तीन वर्षांची आणि यंदाची भित्तिपत्रके शेजारी लावून नावे झाकावीत. कुटुंब एक दिसले पाहिजे आणि यंदाचे वेगळे काढता आले पाहिजे. स्मरणिकांचे कणे ग्रंथालयाच्या फळीवर एका रांगेत लावून पाहावेत, कारण चार दिवसांच्या मांडवानंतर वर्षानुवर्षे दिसणारी जागा तीच असते. आणि चिन्ह व्हॉट्सॲप गटाच्या गोल चित्राएवढे लहान करावे. पाच शब्द तिथे वाचता येणारच नाहीत, म्हणून त्या आकारासाठी फक्त क्रमांकाचे लघुरूप सुरुवातीलाच तयार हवे. नाहीतर ते कोणीतरी स्वतःच्या अंदाजाने कापून घेते.

मराठीत या व्यवस्थेचा घात बहुधा हस्तांतरात होतो. गेल्या यजमानाने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली मूळ फाइल नव्या मुद्रकाच्या संगणकावर उघडली की देवनागरीऐवजी अनाकलनीय चिन्हे दिसतात, मग वेळेअभावी जवळच्या दुसऱ्या फॉन्टमध्ये नाव पुन्हा टाइप केले जाते आणि तेच पुढच्या वर्षी ‘मूळ’ समजून पुढे जाते. त्यामुळे फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेषांत रूपांतर करून, तिच्यासोबत संपादनयोग्य प्रत आणि छपाईच्या रंगांची मापे मूळ संस्थेकडे जमा करावी लागतात. पडद्यावर तळपणारा केशरी फ्लेक्सवर तसा उतरत नाही, तेव्हा कायमचा रंग ठरवतानाच तो वर्तमानपत्राच्या कागदावर आणि फ्लेक्सवर छापून पाहिलेला असावा.