सिंगतेलाचा डबा (बडोदा)

बडोद्यातल्या मराठी घरांत स्वयंपाकासाठी वर्षभराचं किंवा काही महिन्यांचं शेंगदाण्याचं तेल सीलबंद डब्यात एकदम घेऊन ठेवतात, त्याला 'सिंगतेलाचा डबा' म्हणतात. 'सिंग' हा गुजराती शब्द, शेंगदाण्यासाठी. पूर्वी मराठीत या तेलालाही गोडेतेल म्हणत, पण आता कुठल्याही बिनवासाच्या तेलाला गोडेतेल म्हटलं जातं, म्हणून इथली मंडळी मराठी बोलतानाही सिंगतेल हाच शब्द वापरतात. खरिपाचा भुईमूग ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो आणि दिवाळीनंतर नवं तेल बाजारात येऊ लागतं. तेव्हा हाथीखान्याच्या घाऊक बाजारात आणि दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागांतल्या किराणा दुकानांत डब्याचा भाव हा रोजच्या बोलण्याचा विषय होतो.

डबा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आत तेल किती आहे, लेबलावर ते कुठलं असल्याचं लिहिलं आहे, आणि भाव त्या तेलाला शोभतो का. यांतल्या पहिल्या गोष्टीत सर्वांत जास्त लोक फसतात, आणि नेमकी तीच घरी पक्की तपासता येते.

किलो आणि लिटर

बाजारात दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर 15 किलो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 15 लिटर. दोन्ही पत्र्याचे, चौकोनी, लांबून सारखेच. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. 30 अंश सेल्सिअसला एक लिटर सिंगतेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून 15 लिटरच्या डब्यात सुमारे 13 किलो 650 ग्रॅमच तेल असतं. 15 किलोच्या डब्यापेक्षा हे जवळजवळ 1 किलो 350 ग्रॅमने कमी. दुकानदार 'काकू, पंधरा लिटरवाला स्वस्त पडतो' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, डब्याची रक्कम खरोखरच कमी असते. कमी पडतं ते तेल.

हिशोबासाठी भाव धरू. 15 किलोचा डबा 2,700 रुपयांना, 15 लिटरचा 2,520 रुपयांना आणि एक लिटरची पिशवी 170 रुपयांना. पहिल्या डब्याचं तेल किलोला 180 रुपये पडलं. दुसऱ्याचं लिटरला 168 पडतं, आणि इथेच माणूस चुकतो, कारण 168 हा आकडा 180 पेक्षा लहान दिसतो. पण 2,520 ला 13.65 ने भागलं की किलोला साधारण 184 रुपये 60 पैसे येतात. पिशवीचे 170 रुपये 910 ग्रॅमचे आहेत, म्हणजे किलोला जवळपास 187. ज्याला स्वस्त म्हटलं तो डबा किलोमागे साडेचार रुपयांनी महाग निघाला. दुकानात उभ्याउभ्या करायची युक्ती सोपी आहे: लिटरच्या भावात त्याचाच दहावा भाग मिळवायचा. 168 मध्ये 16.80 मिळवले की 184.80 होतात, आणि एवढी अचूकता निवड करायला पुरते.

पॅकबंद मालावर एककाचा भाव छापण्याचा नियम आता आहे. त्याने काम सोपं झालं, पण पूर्ण नाही. किलोच्या डब्यावर तो प्रतिकिलो असतो, लिटरच्या डब्यावर प्रतिलिटर, आणि एक लिटर किंवा एक किलोपेक्षा लहान पिशवीवर प्रतिमिली किंवा प्रतिग्रॅम. म्हणजे तुलना पुन्हा आपल्यालाच करावी लागते. शिवाय हा भाव छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो आणि डबा बहुधा त्याहून कमी किमतीत विकला जातो, म्हणून दुकानदाराने प्रत्यक्ष मागितलेल्या रकमेला ग्रॅमच्या आकड्याने भागावं. तेलाच्या पिशव्यांची ठरलेली मापंही मोकळी झाली. त्यामुळे एक लिटरसारखी दिसणारी पिशवी 870 ग्रॅमचीही असू शकते, आणि ते वजन खाली बारीक अक्षरांत असतं.

लिटरच्या आकड्याशेजारी पूर्वी तापमानही छापलेलं असे. तेल तापलं की फुगतं, म्हणून 60 अंशांना मोजलेलं एक लिटर तेल स्वयंपाकघरात येऊन निवलं की लिटरपेक्षा कमी भरतं. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून माप द्यायला आणि सोबत योग्य वजन छापायला सांगितलं, आणि त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. या सगळ्या गोंधळात न बदलणारा आकडा एकच, ग्रॅममधलं निव्वळ वजन. तोच आधी वाचावा.

वजनाची खातरी करायची तर सीलबंद डबा दुकानातच काट्यावर ठेवायला सांगावा. रिकामा पत्र्याचा डबा साधारण किलोभर भरतो, म्हणून 15 किलोचा डबा 16 किलोच्या आसपास यायला हवा. तेल संपल्यावर तोच डबा वजन करून ठेवला की पुढच्या वर्षी वजा करायला नेमका आकडा मिळतो. आमच्याकडे तो देवघराच्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिलेला आहे.

लेबल

प्रथम तेलाचं नाव पाहायचं, ब्रँडचं नाही. शेंगांचं मोठं चित्र असलेल्या डब्यावर खाली 'ब्लेंडेड' किंवा 'मल्टी सोर्स' खाद्य वनस्पती तेल असं लिहिलेलं असेल तर ते दोन तेलांचं मिश्रण आहे. असं मिश्रण बेकायदा नाही. त्यात प्रत्येक तेल किमान 20 टक्के असावं लागतं आणि दोन्हींचं प्रमाण लेबलावर द्यावं लागतं. मात्र ते सिंगतेलाच्या भावात घेण्याचं कारण नाही. निव्वळ सिंगतेलाच्या घटकांत फक्त शेंगदाणा तेल असतं, आणि पुढे 'फिल्टर' किंवा 'रिफाइंड' हा शब्द. फिल्टर तेलाला दाण्याचा वास आणि पिवळसर झाक असते, रिफाइंडला दोन्ही जवळजवळ नसतात. हा चवीचा फरक आहे, शुद्धतेचा नाही. एक गोष्ट मात्र फिल्टर तेल घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी: बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष रिफाइनिंगमध्ये बहुतांश निघून जातं, नुसत्या गाळण्याने ते तितकं जात नाही. म्हणून फिल्टर तेलाच्या बाबतीत गिरणीवाला कुठला दाणा वापरतो याला फार महत्त्व आहे.

एफएसएसएआयचा परवाना क्रमांक 14 आकडी असतो. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर तो घातला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते दिसतं. डब्यावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव जुळायला हवं. या क्रमांकाने तेल शुद्ध ठरत नाही, तक्रार करायची झाली तर जबाबदार कोण एवढं त्यावरून ठरतं. पण बनावट डब्यांच्या बाबतीत तेवढंही पुष्कळ आहे. 'कोलेस्टेरॉल नाही' या ओळीला काही किंमत देऊ नये, कारण कोणत्याच वनस्पती तेलात ते नाव घेण्याइतकं नसतं.

डबा नवा असावा. एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरायला मनाई आहे. झाकणाभोवती झाळकामाचे जुने डाग, कडेला गंज, एका लेबलाखाली दुसऱ्याची कड दिसणं, सील सैल असणं, यांतलं काहीही दिसलं तर तो डबा घेऊ नये. पिंपातून काढून दिलेल्या सुट्या तेलाला लेबलच नसतं, म्हणून ते या नोंदीच्या बाहेरचं.

भाव शोभतो का

सिंगतेलात सरकीचं, म्हणजे इथल्या भाषेत कपासिया तेल, किंवा पामोलीन मिसळलं जातं, कारण ती सहसा स्वस्त असतात. म्हणून भावाची खालची मर्यादा घरी काढता येते. 100 किलो दाण्यातून गिरणीत साधारण 40 ते 42 किलो तेल निघतं, म्हणजे एक किलो तेलाला जवळपास 2.4 किलो दाणे लागतात. तेलासाठीचा दाणा 90 रुपये किलो धरला तर 216 रुपयांचे दाणे झाले. उरलेली 1.4 किलो पेंड 35 रुपयांनी विकली गेली तर 49 रुपये परत आले. राहिले 167. त्यावर गाळप, गाळणी, डबा, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरला की 180 हा भाव पटतो. त्याच आठवड्यात कोणी 'शुद्ध सिंगतेल' 140 ला देत असेल तर दाण्याचा खर्चही निघत नाही. दाण्याचा त्या दिवसाचा भाव किराणावाल्याला विचारून हा हिशोब नव्याने करावा. उलट बाजूने मात्र तो चालत नाही: महाग तेल शुद्ध असेलच असं नाही.

घरच्या परीक्षा

फ्रिजमध्ये जमलं की तेल भेसळीचं, असं बडोद्यात सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे. शुद्ध सिंगतेलही फ्रिजच्या थंडीत गढूळ होतं आणि घट्ट होतं. पामोलीन त्याआधीच, जास्त तापमानाला गढुळतं. म्हणून फ्रिजपेक्षा जानेवारीतली पहाट बरी. छोट्या काचेच्या बाटलीत तेल भरून रात्रभर गॅलरीत ठेवावं. बारा-चौदा अंशांच्या थंडीत पांढरा, दाणेदार थर तळाशी बसला आणि उन्हात नेताच विरघळला, तर पामोलीनची शंका घ्यायला जागा आहे. फिल्टर तेलाच्या तळाचा तपकिरी गाळ वेगळा, तो दाण्याचा असतो आणि उन्हात विरघळत नाही. तेल स्वच्छ राहिलं तरी निर्धास्त होऊ नये, कारण थोडं पामोलीन किंवा कपासिया या परीक्षेत निसटतं. वासावरूनही कपासिया ओळखता येत नाही. चमचाभर तेल मंद आचेवर कोमट करून हुंगलं तर खवटपणा मात्र लगेच कळतो.

निश्चित उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. सिंगतेलात लांब साखळीची काही मेदाम्लं असतात. त्यांच्यामुळे 'बेलियर' चाचणीत ते 39 ते 41 अंशांच्या दरम्यान गढुळतं, आणि दुसरं तेल मिसळलं की हा आकडा सहसा खाली येतो. सरकीच्या तेलासाठी 'हालफेन' चाचणी आहे, तिच्यात लाल रंग येतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार साधा ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेल्या मालाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करवून घेऊ शकतो, आणि माल कायद्याला धरून नसल्याचं ठरलं तर शुल्क परत मिळतं. गुजरातची सरकारी अन्न व औषध प्रयोगशाळा बडोद्यातच आहे. नमुना उघडलेल्या डब्यातला असेल तर दुकानदार हात झटकतो, म्हणून शंका आलीच तर त्याच खेपेचा दुसरा सीलबंद डबा, पक्क्या बिलासकट, घ्यावा.

किती मोठा डबा

किलोमागे वाचलेले सहा-सात रुपये तेल खवट झालं तर वाया जातात. महिन्याला दोन किलो तेल लागणाऱ्या घरात 15 किलोचा डबा साडेसात महिने पुरतो. दिवाळीनंतर घेतलेला डबा मग पूर्ण उन्हाळा पाहतो. अशा घरांनी दोघांत मिळून एक डबा घ्यावा आणि उघडल्या दिवशीच वाटून घ्यावा. आपल्या वाट्याचं तेल कोरड्या स्टीलच्या बरण्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या जागी ठेवावं आणि एका वेळी एकच बरणी वापरायला काढावी. तळणीचं उरलेलं तेल त्या बरणीत कधीही परत ओतू नये.