सोफा भागीत घ्यायचा की वापराचा वाटा द्यायचा?

अगं, हॉलच्या सामानाबद्दल परवा आपण बोललो तेव्हा 'अर्धे-अर्धे करू' असं दोघीही म्हणालो. पण मला वाटतं, तू एक म्हणत होतीस आणि मी दुसरंच. म्हणून दुकानात जायच्या आधी हे लिहून ठेवते.

अर्ध्या-अर्ध्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे वस्तू भागीत घेणं: दोघी पैसे घालणार, वस्तू दोघींची. दुसरा म्हणजे एकीने विकत घेणं आणि दुसरीने दर महिन्याला वापराचा वाटा देणं. यात वस्तू एकीचीच राहते.

आपण बघितलेला सोफा 18,000 रुपयांचा आहे. वर्षभर वापरला की तो 12,000चा धरू, दोन वर्षांनी 8,000चा. हे माझे अंदाज आहेत, तुला पटले नाहीत तर बदलू. पण आकडे घेतानाच ठरवायचे, निघताना नाही. भागीत घेतला तर आज प्रत्येकी 9,000. वर्षाने तू फ्लॅट सोडून गेलीस आणि मी राहिले, तर 12,000चे निम्मे, म्हणजे 6,000 मी तुला देणार. तुला सोफा पडला 3,000ला. आता दुसरा प्रकार बघ. मी एकटीने 18,000 भरले. पहिल्या वर्षी किंमत 6,000ने उतरते, त्यातला तुझा निम्मा वाटा 3,000, म्हणजे महिन्याला 250. वर्षाने तुला सोफा पडला तेवढ्यालाच.

वर्षाचा हिशेब सारखाच येतो, म्हणूनच हे दोन प्रकार एकच वाटतात. फरक कळतो तो काही बिनसलं की.

आपल्याकडे ते बिनसायला जून पुरतो. पर्वरीतला हा फ्लॅट पावसाळ्यात दिवसभर बंद राहतो, कारण आपण दोघी कामावर. सोफा भिंतीला चिकटून ठेवला तर मागच्या कापडावर बुरशी धरते, आणि खालची फळी एमडीएफची असली तर ओल पिऊन फुगते. फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. समज, वर्षअखेरीला या सोफ्याला कोणी 4,000च देतोय. भागीत असेल तर 14,000चं नुकसान दोघींचं, प्रत्येकी 7,000. ठरवलेली 12,000ची किंमत मग धरायची नाही, हे आधीच लिहून ठेवायला हवं. नाहीतर राहणाऱ्या मुलीच्या गळ्यात खराब सोफा आणि वर 6,000 देणं. सोफा माझा असेल तर तू 3,000 देऊन मोकळी, उरलेले 11,000 माझे गेले. तुझ्या पाहुण्याने चहा सांडून कापड खराब केलं तर मात्र दोन्ही प्रकारांत धुलाईचा खर्च तुझा. माझ्या पाहुण्याचं मी बघीन.

हा जास्तीचा धोका मी घेते म्हणून ठरवायचा हक्कही माझा जास्त. रंग, कापड, कधी विकायचा, हे मी बघणार. पण हॉल दोघींचा आहे. सोफा केवढा असावा, कुठे ठेवावा, बाल्कनीच्या दाराची वाट अडते का, यात तुझा नकार म्हणजे नकारच. भागीत घेतलेल्या वस्तूत रंगापासून सगळ्यालाच दोघींचा होकार लागतो, आणि विकतानाही. ते जड जातं, विशेषतः एक पुण्यात आणि दुसरी इथे असली की.

सगळ्यात घोटाळा होतो तो महिन्याच्या 250मुळे. दर महिन्याला पैसे जात राहिले की हप्ता भरतोय असं वाटू लागतं, आणि दीड वर्षाने 'निम्मा सोफा माझाच ना' हा प्रश्न आपोआप येतो. तो तुझ्या मनात येऊ नये म्हणून आत्ताच सांगते: वाटा म्हणजे झिजेची भरपाई, मालकी नाही. दुसऱ्या वर्षी किंमत 4,000नेच उतरते, म्हणून वाटाही कमी, महिन्याला साधारण 167. कोणती वस्तू कोणत्या प्रकारातली हे ओळखायला एकच विचारायचं: आज ती चोरीला गेली तर नुकसान कोणाचं?

माझं मत असं. तुझी बदली कधीही येऊ शकते, म्हणून सोफा आणि टेबल मी घेते, तू वाटा दे. बाल्कनीतली वेताची खुर्ची तुला हवीय, ती तू घे. तिचा वाटा याच रीतीने मी देईन. पडदे मात्र याच खिडक्यांच्या मापाचे शिवून घेणार, दुसरीकडे ते बसणारच नाहीत. तेव्हा पडदे, पायपुसणी आणि असल्या किरकोळ वस्तूंचे पैसे निम्मे-निम्मे देऊन विसरून जाऊ, निघताना कोणी काही मागायचं नाही. भिंतीला भोकं पाडावी लागतील असं काहीही घरमालकांना विचारल्याशिवाय नको, कारण डिपॉझिट दोघींचं आहे.

सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवू, आणि फळी प्लायवूडची आहे की एमडीएफची हे दुकानदाराला उलटा करून दाखवायला सांगू.

पटत असेल तर प्रत्येक वस्तूपुढे मालक, किंमत आणि वर्षावर्षाचे आकडे एका कागदावर लिहून दोघी सही करू. 12,000 आणि 8,000 तुला जास्त वाटतात की कमी, तेवढं शनिवारपर्यंत सांग. तोवर मी दुकानात ॲडव्हान्स देत नाही.