भावाला दिलेले पाच लाख आणि साठीचा हिशेब

चाळीस वर्षांची बहीण धाकट्या भावाला पाच लाख उसने देते, बिनव्याजी. तीन वर्षांनी भाऊ सगळी रक्कम एकदम परत करतो. फिटंफाट झाली असं दोघांनाही वाटतं. पण बहिणीच्या निवृत्तीच्या पुंजीत एक तूट राहून गेलेली असते, आणि ती किती हे साध्या गणिताने काढता येतं.

समजा, महागाई वर्षाला 6 टक्के आहे आणि बहिणीची गुंतवणूक महागाई वजा जाता 4 टक्क्यांनी वाढते. हे पाच लाख जागचे हललेच नसते, तर ती साठीला पोहोचेपर्यंत आजच्या किमतीत त्यांचे साधारण 11 लाख झाले असते. परत आलेल्या पाच लाखांची खरेदीची ताकद मात्र तीन वर्षांत 4.2 लाखांवर उतरलेली असते, आणि गुंतवणुकीत तोवर 5.6 लाख जमले असते. मधली 1.4 लाखांची तूटही पुढची सतरा वर्षं चक्रवाढीने वाढते आणि साठीला 2.8 लाख होते. सगळे पैसे परत येऊनही पाव हिस्सा गेलाच. परतफेडीला दहा वर्षं लागली, तर 11 पैकी 6.8 लाख जातात. म्हणून ‘पैसे बुडाले का’ एवढंच विचारून भागत नाही. कधी आले, हेही तितकंच महत्त्वाचं.

याचा अर्थ भावाकडून व्याज घ्यावं असा नाही. अडचणीतल्या भावासाठी ही किंमत मोजणं मला तरी योग्यच वाटतं. फक्त ती माहीत असताना मोजावी.

वय वाढतं तसं हे गणित एका वेगळ्याच बाजूने अवघड होतं. पाच लाख कायमचे दिले असं धरा. चाळिशीत दिले तर साठीची तूट 11 लाखांची, पन्नाशीत दिले तर 7.4 लाखांची. तूट कमी दिसते, पण भरून काढायला वर्षंही कमी उरतात. चाळिशीत महिन्याला साधारण 3,100 जादा शिल्लक टाकली की वीस वर्षांत ती भरते. पन्नाशीत त्यासाठी महिना 5,100 लागतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी दिले तर महिना 22,000, तेही आजच्या किमतीत आणि महागाईप्रमाणे वाढवत नेलेले. मदतीची मर्यादा ठरवताना मी हाच आकडा बघायला सांगेन. पैसे परत आलेच नाहीत तर उरलेल्या वर्षांत महिन्याला किती जादा टाकावे लागतील, आणि तेवढं खरंच जमेल का? चाळिशीतल्या बहिणीला महिना 1,250 एवढंच झेपणार असेल, तर तिची मर्यादा दोन लाखांची. मग पाच लाख उसने देण्यापेक्षा दोन लाख भेट म्हणून देऊन विषय मिटवणं दोघांनाही सोपं जातं.

मोठी अडचण पुढे येते, आठवणीची. लिंडा डेझो आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी 2012 साली ओळखीपाळखीतल्या उसनवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. देणारे आणि घेणारे तोच व्यवहार वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, असं त्यांना दिसलं. देणाऱ्याच्या मनात किती खुपतंय, याची पैसे थकवणाऱ्याला पुरेशी जाणीव नसते. यात लबाडी असायलाच हवी असं नाही. माणसाची आठवण स्वतःच्या सोयीकडे झुकते, आणि नात्यात विचारायचा संकोच असल्यामुळे ती दुरुस्त व्हायची संधीच मिळत नाही.

म्हणूनच पैसे देतानाच दोन ओळी लिहून ठेवाव्यात. भावाने मेसेज पाठवला तरी पुरतं: “ताई, पाच लाख मिळाले. पुढच्या जानेवारीपासून दर महिन्याला दहा हजार पाठवीन. एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर आधी कळवीन.” यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण हप्ता चुकण्यापेक्षा न सांगता चुकण्याने नातं जास्त दुखावतं. दरमहा हप्त्याचा आणखी एक फायदा असा, की परतफेड अडखळली तर ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच लक्षात येतं. ‘जमेल तेव्हा दे’ म्हटलं, की ते कळायला चार वर्षं जातात. पहिले हप्ते सुरू होण्याआधीच दुसऱ्यांदा मागणी आली, तर अडचण तात्पुरती नसून दर महिन्याचा खर्चच मिळकतीपेक्षा जास्त आहे, असं बहुधा समजावं. अशा वेळी आणखी उसने दिल्याने भावावरचा बोजाच वाढतो.

कर्जाला जामीन राहणं याच हिशेबात बसतं, जरी त्या दिवशी खिशातून काहीच जात नसलं तरी. जामीनदाराकडे वसुली येते ती भावाने हप्ते थकवल्यावर, आणि रक्कम किती व कधी, हे तेव्हा आपल्या हातात नसतं. शिवाय दोघांचं उत्पन्न एकाच धंद्यावर चालत असेल, तर मंदीत भावाचा हप्ता आणि बहिणीची मिळकत एकदमच अडकतात. पाच लाख द्यायला जी बहीण तयार नाही, तिने पाच लाखांच्या कर्जावर सहीही करू नये.