इनपुट क्रेडिट का अडकतं: बिल हातात, पण GSTR-2B मध्ये नाही

कुर्ल्यातला एक ग्रिलवाला दारूखान्यातून १ लाखाचं स्टील उचलतो आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी देतो. ग्रिल दीड लाखाला विकून गिऱ्हाइकाकडून २७,००० कर घेतो. सरकारला मात्र ९,०००च भरतो, कारण आधीचे १८,००० वजा होतात. या वजावटीलाच इनपुट क्रेडिट म्हणतात. म्हणजे कर पडला तो त्याने वाढवलेल्या ५०,००० च्या मूल्यावर.

समजा, हाच १८ टक्के कर प्रत्येक विक्रीच्या पूर्ण रकमेवर असता आणि वजावट नसती. मग स्टील १,१८,००० ला पडलं असतं, ग्रिलची किंमत १,६८,००० आणि तिच्यावरचा कर ३०,२४० झाला असता. त्यातले ३,२४० हा निव्वळ करावरचा कर. गिऱ्हाइकाला १,७७,००० ऐवजी १,९८,२४० मोजावे लागले असते. २०१७ पर्यंत मुंबईत जकात अशीच किमतीत मुरत असे. तिची वजावट मिळत नव्हती.

क्रेडिट नाकारलं गेलं, की व्यापारी याच खड्ड्यात पडतो.

नियमित जीएसटी नोंदणी, माल मिळालेला असणं आणि तो धंद्यासाठी वापरणं या अटी सहसा आड येत नाहीत. बिलाची रक्कम करासह १८० दिवसांत चुकती करा, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत द्यावं लागतं.

अडतं ते बिलापाशी. कच्चं बिल, इस्टिमेट चालत नाही. तुमचा जीएसटी क्रमांक, म्हणजे GSTIN, असलेलं टॅक्स इन्व्हॉइसच लागतं. पुरवठादार कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत असेल तर तो ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो, त्यावर क्रेडिट नाही. भाव ठरवण्याआधीच हे विचारून घ्या.

बिल बरोबर असूनही ते GSTR-2B मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत दिसलं नाही, तर क्रेडिट घेता येत नाही. कारण बहुधा पुरवठादाराकडे असतं: त्याने विक्रीचं विवरणपत्र GSTR-1 भरलेलं नसतं, किंवा तुमचा GSTIN न टाकता बिल किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत, म्हणजे B2C मध्ये दाखवलेलं असतं. चूक त्याची आणि भुर्दंड खरेदीदाराला, हा अन्यायच आहे. पण कायदा तसाच आहे. म्हणून दर महिन्याच्या १४ तारखेला 2B तयार झालं, की खरेदीची वही त्याच्याशी ताडून पाहा. बिल नसेल तर पुरवठादाराला लगेच दुरुस्ती करायला सांगा आणि शक्य असेल तिथे तोवर कराची रक्कम रोखून धरा.

मुदतीत तर दरवर्षी माणसं फसतात. वार्षिक विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर, म्हणून क्रेडिटही तोवर घेता येईल असं समजतात. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत भरलेल्या GSTR-3B मध्येच, म्हणजे कर भरण्याच्या नियमित विवरणपत्रातच घ्यावं लागतं. त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलंत, तर मुदत त्याच दिवशी संपते.