घरकामाची चिठ्ठी (फ्रीज, गॅस, मिक्सर)

फ्रीजच्या दारावर मॅग्नेटखाली अडकवलेला एक कागद असतो, त्यावर घरमालक किंवा मालकीण कामाला येणाऱ्या ताई-मावशींसाठी रोज काय करायचं नि काय नाही ते लिहून ठेवतात, तीच ही चिठ्ठी. मालक बाहेर असताना काम होतं म्हणून ती लागते. बऱ्याच चिठ्ठ्यांत मात्र ‘नीट वापरा’, ‘काळजी घ्या’ एवढंच असतं, आणि त्यातून ऐनवेळी नक्की काय करायचं ते कळत नाही. डोळ्याला काय दिसलं किंवा नाकाला कसला वास आला की काय करायचं, असं लिहिलेली ओळच उपयोगी पडते.

फ्रीजचं घ्या. ‘गरम ठेवू नका’ ही ओळ जवळपास प्रत्येक चिठ्ठीत असते आणि तिचाच उलटा परिणाम होतो, कारण मग सकाळी शिजवलेलं पातेलं ‘अजून कोमट आहे’ म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहतं. साधारण 5 ते 60 अंशांच्या मधे अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या पातेल्याचा मधला भाग तर तासन् तास कोमटच राहतो. म्हणून लिहायचं असं: ‘वाफ गेली की उथळ डब्यांत काढा, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.’ उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापलेलं असेल तर एकच तास धरायचा. बर्फ साचणारा जुना फ्रीज असेल तर ‘सुरीने बर्फ खरवडू नका’ हेही हवं, आणि सोबत कारणही, की त्या भिंतीच्या आत गॅसची नळी असते, तिला भोक पडलं की फ्रीज गार करायचाच थांबतो.

गॅसची ओळ सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो (पाइपने येणारा हलका, तो वर जातो). वास आल्यावर माणूस सवयीने पहिलं काम करतो ते एक्झॉस्ट फॅन लावायचं, आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण बटण चालू करताना काय किंवा बंद करताना काय, ठिणगी पडू शकते. म्हणून: ‘वास आला तर कुठल्याही बटणाला हात नको, काडी नको. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, घराबाहेर जा आणि मग फोन करा.’ दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि नॉब उघडाच राहतो, हे तर नेहमीचं, तेव्हा दूध ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. ज्योत पिवळी दिसायला लागली, भांड्यांचे बुड काळे व्हायला लागले, तर बहुतेक वेळा बर्नरची भोकं बुजलेली असतात. बर्नर थंड झाल्यावर पिनने साफ करून, पूर्ण कोरडा करूनच परत बसवायचा.

मिक्सरची ओळ मी स्वतः चुकीची लिहिली होती. ‘बंद पडला तर हात लावू नका, मी आल्यावर बघेन.’ एके दिवशी घट्ट वाटण भांड्यात काठोकाठ भरलेलं, मावशींनी बराच वेळ सलग फिरवलं, मिक्सर एकदम गप्प. त्यांनी माझं ऐकून खरंच हात लावला नाही, म्हणजे नॉब तीनवरच राहिला, प्लगही तसाच, फक्त झाकण काढून ठेवलेलं. संध्याकाळी मी मिक्सर जरा तिरका करून खालचं लाल बटण दाबलं आणि तो तिथल्या तिथे सुरू झाला, वाटण भिंतीवर आणि थोडं माझ्या चष्म्यावर!

मिक्सर बिघडलेला नव्हताच. मोटर जास्त तापली किंवा तिच्यावर जास्त भार आला की आतला ओव्हरलोड स्विच वीज तोडतो आणि लाल बटण बाहेर येतं. आता चिठ्ठीत असं आहे: ‘मावशी, मिक्सर थांबला तर आधी नॉब शून्यावर, मग प्लग काढा. भांड्यातलं निम्मं बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा, मग खालचं लाल बटण दाबा. परत थांबला किंवा जळका वास आला तर राहू द्या.’ एका वेळी साधारण एक मिनिट फिरवून मधे उसंत द्यायची, कंपनीने खाली किंवा पुस्तिकेत वेळ दिलेली असेल तर तीच पाळायची. उकळतं काही झाकण लावून फिरवायचं नाही, वाफ झाकण उडवते. खालचा मोटरचा भाग नळाखाली धरायचा नाही, प्लग काढून ओल्या फडक्याने पुसायचा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही चिठ्ठी व्हॉइस मेसेज म्हणूनही चालते, पण लाल बटण आणि रेग्युलेटर कुठे आहे ते एकदा समोर उभं राहून दाखवावंच लागतं, आणि दाखवल्यावर त्यांच्या हातून एकदा करून घ्यावं लागतं.